वायरिंगआधीचे पॉइंट, पाइप आणि कॅमेऱ्याच्या वायरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बंगल्यांची वायरिंगची कामं घेतो. घरमालक विचारतात ते प्रश्न थोडेफार तेच असतात, फक्त बहुतेक वेळा ते उशिरा येतात. इथली उत्तरं एकच घर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत: सुमारे हजार चौरस फुटांचा, एकमजली, टू बीएचके बंगला. हॉल १२ बाय १८ फूट, स्वयंपाकघर ९ बाय ११, दोन बेडरूम, पुढे पोर्च, बाजूने टेरेसवर जाणारा जिना. आरसीसी स्लॅब, विटांच्या भिंती.

पॉइंट नेमके कधी ठरवायचे? वायरमन आल्यावर सांगितलं तर चालत नाही का?

वायरमन एकदाच येत नाही, तीनदा येतो, आणि प्रत्येक फेरीला एक दरवाजा बंद होतो. पहिली फेरी स्लॅबच्या सळया बांधून झाल्यावर. तेव्हा छतातले पाइप, फॅन बॉक्स आणि दिव्यांचे जंक्शन बॉक्स बसतात. दुसरी फेरी बांधकाम उभं राहिल्यावर आणि प्लास्टरच्या आधी. तेव्हा भिंतीत झिरी मारून पाइप आणि बोर्डाचे डबे बसवतात. तिसरी फेरी प्लास्टरनंतर, वायरी ओढायला.

भिंतीतला पॉइंट दुसऱ्या फेरीपर्यंत बदलता येतो. छतातला पॉइंट मात्र काँक्रीट पडलं की कायमचा. म्हणून पंखे, छतातले दिवे आणि छतावरून जाणारे नेटचे पाइप हे स्लॅबच्या आठवडाभर आधी कागदावर हवेत. आदल्या दिवशी संध्याकाळी सेंटरिंगवर उभं राहून हातवारे करत ठरवलेला पॉइंट हमखास चुकतो, कारण त्या वेळी खाली भिंतच नसते आणि कुठली खोली कुठे हे पायाखाली कळत नाही.

कागदावर म्हणजे काय काढायचं? आर्किटेक्टचा प्लॅन आहेच की.

प्लॅनवर भिंती असतात, खाट नसते. आधी सामान काढा: खाट, कपाट, सोफा, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन, देवघर, अभ्यासाचं टेबल. प्रमाणात काढा, एक फूट म्हणजे एक चौकोन. मग दारं कुठल्या बाजूला उघडतात तेही दाखवा. दार उघडल्यावर पानाआड जाणारा स्विचबोर्ड ही मी पाहिलेली सगळ्यात कॉमन चूक आहे. बिजागरीच्या नाही, कडीच्या बाजूला बोर्ड घ्या आणि चौकटीपासून सहा-आठ इंच सोडा, म्हणजे चौकटीची पट्टी बसली तरी जागा उरते.

सामान काढल्यावर पॉइंट आपोआप बोलू लागतात. खाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट हवं असेल तर खाटेची रुंदी माहीत हवी. सहा फुटांची खाट आणि बाजूचं दीड फुटांचं टेबल धरलं तर डबे खाटेच्या मध्यापासून दोन्हीकडे साधारण पावणेचार फुटांवर येतात. अंदाजाने मारले की ते खाटेच्या मागे जातात, आणि मग मोबाइलची वायर गादीखालून येते.

उंची कुठून मोजायची?

तयार फरशीपासून. साइटवर तेव्हा फरशी नसते, खाली कच्चा कोबा किंवा मातीचा भराव असतो. त्यावर भरणी, मसाला आणि टाइल मिळून तीन-चार इंच वाढतात. वायरमनने कच्च्या जमिनीपासून टेप लावला की सगळे बोर्ड तेवढेच खाली राहतात. उपाय सोपा आहे: गवंड्याला पाण्याच्या नळीने किंवा लेझरने सगळ्या घरात तयार फरशीपासून तीन फूट उंचीवर भिंतीवर रेघ मारायला लावा. मग सगळी मापं त्या रेघेपासून वर किंवा खाली सांगायची.

मुख्य स्विचबोर्ड आम्ही चार ते साडेचार फुटांवर घेतो, खाटेशेजारचे दोन-अडीच फुटांवर. ओट्यावरची सॉकेट ओट्याच्या पृष्ठभागापासून आठ-नऊ इंच वर, म्हणजे मिक्सरची वायर पोहोचते आणि भांडं धुताना पाणी उडत नाही. गीझर, एसी आणि चिमणीचे पॉइंट वर, साधारण सात फुटांच्या आसपास, पण त्या वस्तूचं माप पाहून. चिमणीचा पॉइंट चिमणीच्याच मागे आला तर प्लग काढायला चिमणी उतरवावी लागते.

हॉलमध्ये एक पंखा पुरेल की दोन? आणि नेमके कुठे?

१२०० मिमीचा, म्हणजे चार फुटी पंखा, बारा-तेरा फुटांच्या खोलीला एकटा पुरतो. आपला हॉल १८ फूट लांब आहे, त्यामुळे दोन. लांबीचे दोन भाग करा, प्रत्येक नऊ फुटांचा, आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर पंखा. म्हणजे आखूड भिंतीपासून साडेचार फुटांवर एक, त्याच्यापासून नऊ फुटांवर दुसरा. लांब भिंतींपासून दोन्ही सहा फुटांवर. मध्ये तुळई येते का ते स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये पाहून घ्या. तुळईजवळ पंखा आला तर पातं अडत नसलं तरी एका बाजूचा वारा मरतो.

आता दिवे. पंख्याच्या पात्यावरून उजेड गेला की खोलीभर सावली फडफडते. नव्या घरात लोकांना ती पहिल्या रात्री दिसते आणि दिवाच खराब आहे असं वाटतं. पंख्याच्या मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. त्याच्याही बाहेर निदान एक फूट सोडायचा, म्हणजे पंख्याच्या मध्यापासून तीन फुटांच्या आत छताला दिवा नको. आपल्या हॉलमध्ये लांब भिंतींपासून दोन फुटांवर दिव्यांची ओळ घेतली तर ती पंख्याच्या मध्यापासून चार फुटांवर पडते. सावली नाही, आणि उजेड भिंतीवरून परत खोलीत येतो.

फॉल्स सीलिंग करायचं असेल तर आत्ताच सांगा. मग छतात दिव्यांचे दहा डबे लागत नाहीत, एक-दोन पुरतात, बाकी वायरी सीलिंगच्या पोकळीतून जातात. फॅन बॉक्स मात्र मूळ स्लॅबमध्येच हवा. जिप्समच्या फ्रेमला पंखा टांगणारे पाहिले आहेत. ती फ्रेम तेवढ्या वजनासाठी आणि थरथरीसाठी बनवलेलीच नसते.

फॅन बॉक्सचा हुक कसा बांधला पाहिजे?

बॉक्स सेंटरिंगच्या फळीला चिकटून, तोंड खाली. त्यातून जाणारी सळई निदान १० मिमीची, तिची दोन्ही टोकं वाकवून स्लॅबच्या सळयांवर ठेवलेली आणि बाइंडिंग वायरने बांधलेली. बॉक्सच्या कानांनाच हुक लटकवलेला असेल तर मान्य करू नका. बॉक्समध्ये थर्माकोल किंवा कागद कोंबून टेपने तोंड बंद करायचं, नाहीतर काँक्रीटचं दूध आत जाऊन गोठतं.

स्लॅबमधले पाइप फुटले किंवा चेपले तर कळणार कसं?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मीच लिहितोय. माझ्याच एका साइटवर स्लॅब टाकताना व्हायब्रेटर एका जोडावर बसला आणि पाइप सुटला. कळलं चार महिन्यांनी, वायर ओढताना. बेडरूमचा एक पाइप बंद. शेवटी त्या खोलीत छताच्या कडेने पट्टी टाकून वायर न्यावी लागली, आणि मालकाची आई आजही ती पट्टी मला दाखवते.

तेव्हापासून काही गोष्टी न चुकता करतो. स्लॅबसाठी जाड, हेवी दर्जाचाच पाइप वापरतो, २५ मिमीचा. पातळ पाइप माणसाच्या पायाखाली चेपतो. पाइप वरच्या आणि खालच्या सळयांच्या मधून नेतो, दर तीन-चार फुटांवर बांधतो, प्रत्येक जोडाला सोल्यूशन लावतो. एकाच जागी पाइपांचा जुडगा होऊ देत नाही, कारण पाच इंची स्लॅबमध्ये पाच पाइप चिकटून गेले की तिथे काँक्रीटऐवजी प्लास्टिकच उरतं. दोन पाइपांत निदान तीन पाइपांइतकं अंतर ठेवतो. आणि स्लॅबच्या दिवशी माझा एक मुलगा ओतकाम संपेपर्यंत वर उभा असतो. सेंटरिंग निघालं की लगेच प्रत्येक पाइपातून फिश वायर, म्हणजे वायरी ओढायची लवचिक तार, घालून बघतो. तेव्हा अडथळा सापडला तर दुसऱ्या वाटेने भिंतीतून न्यायला वेळ असतो. चार महिन्यांनी नसतो.

स्वयंपाकघराला किती सॉकेट आणि किती लाइनी?

सॉकेट मोजण्यापेक्षा एका वेळी काय चालतं ते मोजा. सकाळचे साडेसात: इंडक्शन २००० वॅट, पाण्याची किटली १५००, ओव्हन १२००, मिक्सर ७५०. बेरीज ५४५० वॅट. २३० व्होल्टने भागलं की साधारण २३.७ अँपिअर. हे सगळं २.५ चौरस मिमीच्या एकाच लाइनवर, १६ अँपिअरच्या एमसीबीवर असेल तर एमसीबी पडणार, आणि पडलाच पाहिजे. तिथे वायरमनला सांगून ३२ चा एमसीबी बसवून घेणारे लोक आहेत. मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते.

म्हणून ओट्याला दोन लाइनी, डीबीपासून, म्हणजे सगळे एमसीबी असतात त्या मुख्य पेटीपासून, वेगळ्या. इंडक्शन एकीवर, किटली आणि ओव्हन दुसरीवर, सगळ्यात जास्त ओढणारी दोन उपकरणं एकाच लाइनवर नकोत. एका पॉवर लाइनवर १६ अँपिअरची दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत, हा जुना नियम अजून उपयोगाचा आहे. मिक्सर, फ्रिज आणि पाण्याच्या फिल्टरला तिसरी, साधी लाइन. एसीला आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र, ४ चौरस मिमीची. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिमी पुरते. एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट यांपैकी जे आधी येईल तिथे थांबायचं. एलईडीमुळे ८०० वॅट हल्ली गाठले जातच नाहीत, दहाची संख्या आधी येते.

इन्व्हर्टर नंतर घेणार आहोत. आत्ता काही करायचं का?

हो, न्यूट्रल वेगळा ठेवायचा. इन्व्हर्टरवर जाणाऱ्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीपर्यंत स्वतंत्र हवेत. वायरमनने एखाद्या बोर्डात दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र पिळले की नंतर गळती पकडणारा आरसीसीबी कारण नसताना पडत राहतो, आणि कुठे मिसळलं ते शोधायला प्रत्येक बोर्ड उघडावा लागतो. इन्व्हर्टरची जागा ठरवा (जिन्याखाली, हवा खेळेल अशी), तिथून डीबीपर्यंत एक २५ मिमीचा पाइप टाकून ठेवा. राउटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ज्या सॉकेटवर असतील ती सॉकेट त्याच सर्किटवर घ्या. लाइट गेली की कॅमेरे बंद, असं बऱ्याच घरांत असतं. चोराला ते माहीत असतं की नाही मला माहीत नाही, पण मालकाला नसतं.

नेटसाठी वेगळे पाइप कशाला? वाय-फाय आहे ना.

आरसीसीचे कॉलम, विटांची भिंत आणि मधलं शौचालयाचं टाइलकाम यांतून वाय-फायचा जोर झपाट्याने कमी होतो. हॉलमधल्या राउटरचा सिग्नल मागच्या बेडरूममध्ये पोहोचतो, पण व्हिडिओ कॉल अडखळतो. घरात एक-दोन ठिकाणी वायरने नेट पोहोचवून तिथे छोटा वाय-फाय बिंदू बसवला की हा प्रश्न मिटतो. त्या वायरीला पाइप हवा, आणि पाइप आत्ताच हवा.

एक जागा ठरवा जिथे सगळ्या नेटच्या वायरी येतील. आपल्या घरात ती जिन्याच्या बाजूच्या भिंतीत, सात फुटांवर, दीड बाय दीड फुटांचा दार असलेला कोनाडा. आत चार साधी सॉकेट, दाराला जाळी. स्वयंपाकघर नको, तेल आणि वाफ चिकटते. लोखंडी पेटीत राउटर ठेवू नका, सिग्नल आतच राहतो.

या कोनाड्यापासून प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र वायर, मध्ये जोड नाही. यादी अशी झाली: टीव्हीच्या भिंतीला दोन, दोन बेडरूमना एकेक, हॉलच्या छतात वाय-फायसाठी एक, कॅमेऱ्यांना चार, फाटकावरच्या व्हिडिओ बेलला एक. एकूण दहा कॅट ६ वायरी. शिवाय दोन रिकामे पाइप: एक रस्त्याच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला, फायबर आत यायला, एक टेरेसवर, उद्या मजला चढला तर.

एका पाइपात किती वायरी मावतात?

कॅट ६ ची वायर साधारण सहा मिमी जाड असते. २५ मिमीच्या पाइपात तीन-चार आरामात जातात, २० मिमीच्यात दोन. आतल्या जागेच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त भरू नये. बसतात म्हणून सात घातल्या तर ओढताना वायरीच्या आतल्या जोड्या ताणल्या जातात, वायर दिसायला ठीक पण वेग अर्धवट.

काटकोनी एल्बो टाकू नका, लांब वळणाचे बेंड वापरा किंवा स्प्रिंग घालून पाइपच वाकवा. दोन वळणांनंतर मध्ये एक ओढण्याचा डबा हवा. फायबरच्या पाइपात तर हे पाळाच, कारण काच तीव्र वळणात उजेड गमावते. आणि प्रत्येक रिकाम्या पाइपात नायलॉनची दोरी घालून दोन्ही टोकं बांधून ठेवा.

टीव्हीच्या मागे एक खास गोष्ट: टीव्हीपासून खालच्या कपाटापर्यंत दोन इंची प्लंबिंगचा पाइप भिंतीत उभा गाडा. एचडीएमआयचा प्लग २५ मिमीच्या बेंडमधून जात नाही. सहा फुटांच्या पाइपाचा खर्च किरकोळ, आणि टीव्हीखाली लोंबणाऱ्या वायरी कायमच्या जातात.

विजेच्या पाइपातूनच नेटची वायर नेली तर?

नाही. पहिलं कारण सुरक्षेचं: विजेच्या वायरीचं आवरण सोललं तर २३० व्होल्ट तुमच्या राउटरच्या वायरीवर येऊ शकतात. दुसरं, शेजारून लांबवर समांतर गेलेली वीज नेटच्या सिग्नलमध्ये खरखर घालते. वेगळा पाइप, समांतर जाताना शक्य तिथे एक फूट अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. बोर्डातही नेटचं सॉकेट वेगळ्या डब्यात घ्या. फायबरला वीज बाधत नाही, पण त्याच्याबरोबर पुढे कधीतरी तांब्याची वायर जाणारच, म्हणून तोही वेगळाच ठेवतो.

कॅमेऱ्याजवळ विजेचा पॉइंट द्यायचा का?

नेटच्याच वायरीतून वीज घेणारे, म्हणजे पीओई कॅमेरे बसवणार असाल तर नको. एकच कॅट ६ वायर चित्रही आणते आणि वीजही नेते. ती वायर पूर्ण तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिचा रोध जास्त असतो आणि लांबच्या कॅमेऱ्याला वीज कमी पडते. एका वायरीची लांबी ९० मीटरच्या आत ठेवा, बंगल्यात एवढी लागतच नाही.

जुन्या पद्धतीचे १२ व्होल्टचे कॅमेरे असतील तर हिशोब वेगळा. समजा कॅमेरा कोनाड्यापासून ३० मीटरवर आहे, रात्री अंधारात त्याचे लाल दिवे लागल्यावर तो अर्धा अँपिअर घेतो, आणि वायरीतला तांब्याचा गाभा ०.२ चौरस मिमी आहे. जाऊन येऊन ६० मीटर तांबं, रोध सुमारे ५.२५ ओहम, म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच गेले. कॅमेऱ्यापाशी उरले ९.४. खूण अशी: दिवसा चित्र स्वच्छ, अंधार पडला की कॅमेरा बंद-चालू होतो. लोक कॅमेरा बदलतात, दोष वायरीत असतो. अशा कॅमेऱ्याला जवळ विजेचा पॉइंट द्यावा, किंवा आत्ताच पीओई घ्यावा.

कॅमेऱ्यांची जागा कशी ठरवायची?

स्लॅबच्या आधी, कारण पोर्चच्या छतातला पाइप तेव्हाच पडतो. आपल्या घरात चार: पोर्चच्या छताला फाटकाकडे तोंड करून, गाडीच्या बाजूला, मागच्या दाराला, आणि जिन्यावर. उंची नऊ-दहा फूट. बारा-तेरा फुटांवर नेला की फक्त डोक्यावरची टोपी दिसते. सकाळ-संध्याकाळच्या उन्हाकडे सरळ तोंड नको, आणि जवळच्या भिंतीवर रात्री त्याचा प्रकाश आपटून परत येणार नाही हे पाहा.

बाहेर निघणारा पाइप भिंतीतून बाहेरच्या बाजूला किंचित उतरता काढा, तोंडाशी गोल डबा बसवा आणि वायरीला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकतं, आत शिरत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर कोनाड्यात ओल दिसली तर पहिला संशय या तोंडावर घ्या.

झिरी मारताना काय पाहायचं?

उभ्या मारा, आडव्या टाळा. उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवीची एक षष्ठांशापेक्षा जास्त नको. चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर बोर्ड घेतले तर मधे फक्त प्लास्टर उरतं, एका बाजूचा सहा इंच सरकवा. कॉलमवर छिन्नी लावू देऊ नका, कोणी कितीही "थोडंसंच आहे दादा" म्हणालं तरी. पाइप बसवून सिमेंटने दाबल्यावर वर जाळी मारून प्लास्टर करा, नाहीतर बरोबर पाइपाच्या रेघेवर तडा येतो.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून. पडद्याची पट्टी बसवायला ड्रिल लावणारा माणूस पाच वर्षांनी येतो, तेव्हा हाच फोटो लागतो.

स्लॅब झाला, आता छतात पॉइंट हवाय. काय करू?

छत फोडू नका, सळई उघडी पडते. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या पोकळीतून न्या. नसेल तर दिवा भिंतीवर साडेसहा-सात फुटांवर घ्या. झिरी उभी मारता येते. पंखाच हवा असेल तर स्लॅबमध्ये योग्य व्यासाचा अँकर बसवून पंखा टांगता येतो, पण भोक पाडण्याआधी सळई आणि जुना पाइप कुठून जातो ते फोटोवरून पाहा. वायर छताच्या कोपऱ्यातून पट्टीतून येईल. ती दिसेल, त्याला इलाज नाही.